पाण्याच्या पिशव्यांमागचा बिल्ला

ऑफिसात ताईला सगळे 'तराजू' म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. अंतराळवीरांच्या अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजायचं, त्याची जन्मभराची बेरीज ठेवायची आणि मर्यादा भरली की त्या माणसाचं वर जाणं कायमचं बंद करायचं, हे तिचं काम. अशा बाईशी गप्पा मारायला कोण येणार? त्यात नशीब बघा, वर जाणाऱ्यांत तिचा सख्खा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर तिनेच त्याला शिकवलं आणि स्वतःचं लग्न पुढे ढकलत ढकलत शेवटी विषयच सोडून दिला. त्याची ही दुसरी खेप होती. तिसऱ्या खेपेला तो तुकडीचा प्रमुख होणार होता, पण मर्यादेत थोडीच जागा उरली होती.

त्या दुपारी सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि तासाभरात प्रोटॉनचा मारा सुरू झाला. शेजारच्या खोलीत उपग्रहवाल्यांची तारांबळ उडाली. उपग्रहांच्या कॅमेऱ्यांत ताऱ्यांऐवजी नुसते पांढरे ठिपके, दिशा कळेना. अंतराळस्थानकावरच्या चौघांना, त्यात धाकटाही होता, मधल्या कोपऱ्यात बसायला सांगितलं. तिथे भोवती पाण्याच्या आणि जेवणाच्या पिशव्या रचलेल्या असतात. पाणी हे कण बऱ्यापैकी अडवतं. स्थानक ध्रुवांच्या बाजूला गेलं की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडोसा कमी पडतो आणि मारा वाढतो. विषुववृत्ताकडे आलं की ओसरतो.

तेवढ्यात स्थानकाच्या टोकाच्या खोलीतला, हवा शुद्ध करणारा कॉम्प्युटर बंद पडला. एखादा कण मेमरीतून गेला की शून्याचा एक होतो आणि चांगलं यंत्र खुळ्यासारखं करायला लागतं. खालून तो काही सुरू होईना. "मी जातो," धाकटा म्हणाला. मारा ओसरल्यावर गेला, पण काम लांबलं आणि तो तिथेच असताना स्थानक पुन्हा ध्रुवाकडे सरकलं. कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने नाही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या छातीवरच्या मोजणीच्या बिल्ल्याचे आकडे खाली आले. धाकट्याचे आकडे छान कमी होते. ताईला आधी हायसं वाटलं, मग तिने दोन आलेख एकमेकांवर ठेवले. धाकट्याच्या बिल्ल्याची रेघ त्या पाण्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या मोजणीच्या यंत्राच्या रेघेवर तंतोतंत बसत होती. टोकाच्या खोलीतलं यंत्र मात्र त्याच वेळी तिपटीने चढलं होतं. माणूस तिकडे आणि बिल्ला इकडे, पिशव्यांच्या मागे! अरे गाढवा, असं ती मोठ्याने म्हणाली.

घरच्यांशी बोलायची लाइन मिळाल्यावर तिने सरळच विचारलं, "विसरलास की काढून ठेवलास?"

"ताई, एकच खेप उरलीय माझी. सगळ्यांसाठी गेलो ना मी तिकडे? मग एवढा एक आकडा तू खाऊ शकत नाहीस?"

"तो आकडा तुझ्या अंगात गेलाय रे. उद्या कॅन्सर झाला तर?"

"मग तो गेलाच. कागदावर लिहिलंस म्हणून तो अंगातून बाहेर येणार आहे का?"

ताईने लाइन बंद केली आणि बिल्ल्याचं वरिष्ठांना कळवलं. तो परतल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासलं. पेशींतल्या गुणसूत्रांची मोडतोड टोकाच्या खोलीतल्या आकड्याशी जुळली. मर्यादा ओलांडली होती. शिवाय लबाडीचा ठपका. त्याचं उडणं संपलं आणि त्याला खाली नियंत्रणकक्षात बसवलं. आई म्हणाली, "बाहेरच्या कुणी केलं असतं तर समजून घेतलं असतं." आणि त्यानंतर आईच्या घरी दोघं भावंडं एका वेळी कधी जेवली नाहीत.

वर्ष झालं नाही तोच वरिष्ठांनी मर्यादा वाढवली. नवा अभ्यास, नवे नियम, म्हणे. ताईने धाकट्याची बेरीज नव्या मर्यादेशी ताडून पाहिली. आरामात बसत होती! ती साहेबांकडे धावली. साहेब म्हणाले, "त्याला आकड्यामुळे नाही हो काढलेलं, खोटेपणामुळे काढलंय. आणि तुम्हीच तर उघड केलंत." वर तिच्या कामाचं कौतुक केलं. तिला ते कौतुक त्यांच्या तोंडावर फेकून मारावंसं वाटलं.

पुढचं वादळ आलं तेव्हा वरच्या माणसांना कोपऱ्यात पाठवायचं काम धाकट्याकडे होतं. ताई त्याच्या मागच्याच टेबलावर, कानाला हेडफोन लावून. त्याने मागे वळून पाहिलं नाही. हुकूम नीट दिला, पिशव्या सरळ रचायला सांगितल्या, मग म्हणाला, "आणि बिल्ले छातीवरच ठेवा. खाली मोजायला बसलेलं माणूस कुणाचं सख्खं नसतं."

वरून कुणीतरी हसलं. ताईने चौघांचे आजवरचे आकडे एकेक करून वाचून दाखवले.