चार सुया

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे बॉबिन म्हणत. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळागत बुटका, गोल आणि सारखा फिरता. दाराबाहेरून मशीनचा नुसता आवाज ऐकायचा आणि शटल घासतंय की पट्टा सैल पडलाय ते सांगायचा. हातात कसब होतं. पण चार शब्द लिहायचे म्हटले की घाम फुटायचा.

म्हणून तर मागच्या दसऱ्याला घोळ झाला. सकाळी चहा पिता पिता त्यानं आलेलं एक चित्र पुढं ढकललं, एकदम एकशे चाळीस जणांना. चित्रात सोन्याचा घडा, हात जोडलेलं जोडपं आणि खाली ओळ, ‘उभयतांनी जोडीनं सोन्यासारखं राहावं.’ त्या एकशे चाळिसात मास्तर होते, ज्यांनी त्याला हे काम शिकवलं. मास्तरांची बायको, म्हणजे काकू, जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. वर्षभर त्या घरात सण नव्हता. आणि याच्याकडून गेलं काय, तर जोडपं!

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. दोन दिवसांनी बॉबिनच्या बायकोनं त्याचा फोन चाळता चाळता विचारलं, हे मास्तरांना पण पाठवलंत? तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो जाऊन आला. मास्तरांनी पाणी दिलं, हवापाण्याचं बोलले, उठताना ‘परत ये’ मात्र म्हणाले नाहीत. चुकलो म्हणायला गेलेला माणूस तो शब्द तोंडातच घेऊन माघारी आला. नंतर वर्षभर ना फोन, ना निरोप.

आता काकूंचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. यंदाच्या दसऱ्याला बॉबिननं सकाळीच पान्हे, पेचकस, तेलाची बुधली पुसून पाटावर मांडली, फूल वाहिलं आणि फोन घेऊन बसला. आधी हात मोकळा करायला मित्राला लिहिलं, ‘लंबू, सोनं घे, सोन्यासारखा राहा. गुडघा कसा आहे? आणि माझा बारका पेचकस परत दे.’ लंबूचं लगेच आलं, ‘गुडघा बरा. पेचकस माझाच होता. तुलाही दसऱ्याचं सोनं.’ बॉबिन हसला. हे जमलं.

मास्तरांचं जमेना. पहिल्यांदा लिहिलं, ‘आपणांस व आपल्या परिवारास’. बायकोनं वाकून वाचलं.

“हे कोण बोलतंय? बँक?”

खोडलं. मग ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं. ती म्हणाली, शुभेच्छा बरोबरीच्याला. थोरांना नमस्कार करायचा आणि आशीर्वाद मागायचा. तेही खोडलं. तिसऱ्यांदा माफीच लिहीत सुटला, पानभर. त्यावर तिचं म्हणणं पडलं की सणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला एवढं रडगाणं कशाला, एका ओळीत चूक कबूल करा आणि तुम्हा दोघांनाच ठाऊक असेल असं काहीतरी लिहा. काकूंचं नाव काढू का, त्यानं भीत भीत विचारलं. ती म्हणाली, वर्षभर सगळ्यांनी टाळलंच असेल, तुम्ही काढा.

मग एका दमात उतरलं :

‘मास्तर, साष्टांग नमस्कार. मागच्या दसऱ्याला मी न बघता ते चित्र पाठवलं. चुकलं माझं. आज औजारं पुसताना काकूंचं मशीन आठवलं. त्यावरच तुम्ही मला सुई आणि शटलचा मेळ बसवायला शिकवलात. मी तीन सुया मोडल्या, तुम्ही ओरडलात, आणि काकू म्हणाल्या, सुया माझ्या मोडल्या, तुम्ही का तापता? आज हात चालतो तो त्या तीन सुयांवर. संध्याकाळी सोनं द्यायला येऊ का? आशीर्वाद असू द्या.’

पाठवलं आणि फोन पालथा घातला. जेवण झालं. डुलकी लागेना. दोनदा उठून स्वच्छ पुसलेला पान्हा पुन्हा पुसला.

चारच्या सुमारास फोन वाजला. मास्तरांचंच उत्तर होतं, एका बोटानं टाइप केलेलं.

‘तीन नाही. चार.’

बॉबिन बोटांवर सुया मोजू लागला. थोड्या वेळानं दुसरं आलं.

‘सोनं पोचलं. सुखी राहा. सूनबाईला घेऊन ये. आज औजाराला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. उद्या तेल घेऊन ये. तिचं मशीन वर्षभर बंद आहे.’

त्यानं ते बायकोला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा, तिनं मागितलं नसताना. धुतलेला सदरा चढवला, आपट्याची पानं घेतली. दारातून बाहेर पडताना तिची नजर त्याच्या फुगलेल्या खिशाकडं गेली.

“बुधली घेतलीत? उद्या आण म्हणालेत ना?”

“हातात कुठं आहे,” बॉबिन म्हणाला, “खिशात आहे.”