न धरलेले अकरा दिवस

बाईंनी आपल्या देशात एकोणीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. तिथे कोणी शिक्षक रजेवर गेला, की मुख्याध्यापक बाईंकडे बघायचे आणि बाई खडू उचलून त्या वर्गावर जायच्या. सहकारी त्यांना 'हक्काची बदली' म्हणून चिडवत. बाईंना राग नव्हता, उलट थोडा तोराच होता.

नवऱ्याच्या नोकरीमागे परदेशात आल्या, तर इथे पदार्थविज्ञानाला शिक्षकच मिळत नव्हते. टंचाईच्या विषयांच्या यादीत ते सगळ्यात वर. बाई हरखल्या. मग परवाना मंडळाचं पत्र आलं. पदवी मान्य, पण बी.एड.चे सराव पाठ कमी पडतात. इथल्या शाळेत मार्गदर्शक शिक्षकाच्या देखरेखीखाली साठ दिवस शिकवा, वर्ष संपायच्या आत. एकोणीस वर्षांच्या अनुभवाला कोणी भीक घातली नाही. बाईंनी राग गिळला आणि शाळा शोधली.

मार्गदर्शक शिक्षिका भल्या होत्या. वर्गात मागे बसून टिपणं घ्यायच्या. विसाव्या दिवशी त्या आजारी पडल्या. बदली शिक्षक कुठून मिळणार? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आलीये. सांभाळाल ना?"

"सांभाळते की!" बाई म्हणाल्या. त्यांना दुसरं उत्तर येतच नव्हतं. अकरा दिवस त्यांनी एकटीनं वर्ग घेतला. मुलं खूश, पालक खूश. मंडळाला कळवायचं कोणालाच सुचलं नाही.

साठ दिवस भरले, तेव्हा नोंदीच्या तक्त्यात प्रत्येक दिवसापुढे एक प्रश्न होता: मार्गदर्शक वर्गात हजर होते का? शिक्षिकेचं पेन थांबलं.

"खोटं लिहिलं, तर माझाही परवाना जाईल हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

बाईंनीच त्यांना पाणी दिलं. "खरं तेच लिहा."

एकोणपन्नास दिवस धरले गेले. उरलेल्या अकरासाठी वर्षाच्या आत कोणत्याही शाळेत मार्गदर्शक मोकळा नव्हता. मंडळानं दिलेली सशर्त मंजुरी संपली. आता अर्ज पुन्हा पहिल्यापासून. नवरा म्हणाला, "तू नाही म्हणायला हवं होतंस गं." बाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, कारण तो बरोबर बोलला होता.

शाळेनं मोठ्या मनानं त्यांना प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. तिथे परवाना लागत नाही. आणि पदार्थविज्ञान? ते आता खेळाचे सर शिकवतात. विषय त्यांचा नाही, पण परवाना आहे.

परवा बाई टेबलांवर तारा आणि बल्ब मांडत होत्या. सरांनी फळ्यावर काढलेलं सर्किट चुकलं होतं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, "मिस, असं जोडलं तर बल्ब लागेल?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी मान खाली घातली.

"सरांना विचार हं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.