ट्यूबलाइटखालची गिरकी

अंधेरीच्या आमच्या लॅबोरेटरीत मी ट्रिक मशीनवर होतो. हे मशीन म्हणजे एका बाजूला प्रोजेक्टर, दुसऱ्या बाजूला कॅमेरा, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेले. इकडची निगेटिव्ह एकेक फ्रेम पुढे सरकवायची आणि तिकडे तिची नक्कल उतरवायची. एवढंच काम. पण मी ते सांगायला लागलो की इराण्याच्या हॉटेलातला बनमस्का जागच्या जागी थांबायचा. मी एका हिरॉइनची टक्कल पडलेली भुवई परत उगवून दिली होती. एका राजाच्या दरबारात मेलेला हत्ती चार पावलं चालवला होता. यातली भुवई खरी. हत्ती कुठून आला ते मला आजतागायत माहीत नाही, पण तो दर वेळी एक पाऊल जास्त चालायचा.

त्या टेबलावर माझा एक मित्र रोज असायचा. गोरेगावच्या स्टुडिओत असिस्टंट कॅमेरामन, राहायला घाटकोपरच्या चाळीत, मूळचा मालवणकडचा. बोलायला कमी आणि माझं सगळं खरं मानणारा. असा माणूस गप्पिष्टाच्या नशिबी येऊ नये.

त्याचे वडील गिरणीतून रिटायर झालेले. पण गिरणी ही त्यांची पोटाची सोय. माणूस खरा दशावतारातला, स्त्रीपार्टी. सत्तरीला टेकले तरी नऊवारी नेसून उभे राहिले की चाळीतल्या बायका आपापला पदर सारखा करायच्या. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या उजव्या पायाचं बोट काळं पडलं, मग दुसरं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढायचा, येत्या सोमवारी.

म्हातारा रडला नाही. म्हणाला, "शनवारी माका नाचूक देवा. मगे काय तो पाय घेवा."

आणि मुलाला बाजूला घेऊन म्हणाला, "झिला, चाळीस वर्सां नाचलंय. लोकांनी बघल्यानी. मी नाय बघलंय. मी कसो दिसतंय, ता माका एकदा बघूक व्हया."

मित्राने स्टुडिओतून एक चावीचा कॅमेरा मागून आणला, बातम्यांची फिल्म घ्यायला वापरतात तसला. उरल्यासुरल्या फिल्मचा शंभर फुटांचा एक तुकडा मिळाला. शंभर फूट म्हणजे एक मिनिट आणि वर थोडं. नाच चाळीजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा होता आणि त्या हॉलला नुकत्याच नव्याकोऱ्या ट्यूबलाइट बसवल्या होत्या. शाळेचा सेक्रेटरी त्या लोकांना देव दाखवावा तशा दाखवायचा.

शुक्रवारी मित्र इराण्याकडे आला. "आठ मोठे बल्ब ठरवलेत रे. पण सेक्रेटरी बोंबलतोय, फ्यूज उडेल म्हणून. वायर पण बाहेरून ओढत आणायला लागणार. ट्यूबखाली घेतलं तर फडफडेल ना?"

बल्बची तार तापलेली राहते, त्यामुळे तिचा उजेड फारसा हलत नाही. ट्यूब मात्र सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. हे मला पाठ होतं. तरी मी काय म्हणालो?

"सोड रे! ट्यूबचं काय घेऊन बसलास? आभाळातली वीज चमकत असू दे, तिला मी इस्त्री मारून देतो. असल्या फडफडीची पन्नास रिळं सरळ केलीत. घे बिनधास्त."

पन्नास सोडा, एकही केलं नव्हतं. टेबलावर आणखी चार जण ऐकत होते, एवढंच कारण. मित्राने चहा संपवला, जाऊन आठही बल्ब परत केले.

शनिवारी मी हॉलमध्ये होतो, मित्र कॅमेऱ्यामागे. पायाला चिंध्या, त्यावर घुंगरू. म्हातारा नाचला आणि शेवटी एक गिरकी घेतली, त्याच सडलेल्या पायावर, भोवऱ्यासारखी, न हलता, न डगमगता. लुगड्याचा घेर फुलला तसा हॉल उभा राहिला. हे मात्र मी एक इंचही वाढवून सांगत नाही. खाली उतरल्यावर घामाने निथळत ते मुलाला म्हणाले, "आजची गिरकी बघलंस? जल्मात अशी झाली नाय. पायान शेवटाक इमान राखल्यान."

सोमवारी पाय गेला.

निगेटिव्ह धुऊन साधी प्रिंट काढली आणि मी ती पडद्यावर पाहिली. सगळा हॉल श्वास घेत असल्यासारखा, उजेड, काळोख, उजेड, काळोख, सेकंदाला चार वेळा. शिवाय एक सावलीचा पट्टा. कॅमेऱ्याचं शटर फ्रेमवरून एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरतं, त्यामुळे कधी चेहरा उजळ आणि पाय बुडालेले, कधी उलट. त्या कॅमेऱ्याच्या शटरची फट अरुंद होती. एका फ्रेमच्या वाट्याला ट्यूबचे दोन झोत यायचे, पुढच्या कुठल्या तरी फ्रेमला एकच.

मित्र म्हणाला, "होईल ना?"

"होईल ना म्हणजे? झालंच समज!"

मग मी जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी मशीनवर बसायला लागलो. सोळाशे फ्रेम. निगेटिव्ह काचेवर अंथरून बघितली तेव्हा एक आशेची गोष्ट दिसली. दर सहाव्या फ्रेमला काळसरपणा तोच परत येत होता. कॅमेरा चोवीसच्या चालीवर, ट्यूब शंभरच्या, म्हणून सहाचं चक्र. मी मशीनच्या दिव्याला सहा जागा ठरवल्या. उजेडातली फ्रेम निगेटिव्हवर दाट उतरते, अंधारातली पातळ, म्हणून दाट फ्रेमला जास्त उजेड, पातळ फ्रेमला कमी. पट्ट्यासाठी काचेवर मेणबत्तीची काजळी धरली, एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकी, आणि ती दिव्यापुढे वरखाली सरकवत बसलो. एक फ्रेम, दिवा, काच, खट्. दुसरी फ्रेम, दिवा, काच, खट्. दीड हजार फ्रेम अशा निघाल्या आणि त्यांची प्रिंट बघताना मी खुर्चीवर उभा राहून स्वतःलाच शाबासकी दिली. उजेड तळ्यातल्या पाण्यासारखा स्थिर!

शेवटचा भाग राहिला, गिरकीचा. तिथे चावी उतरत आली होती. कॅमेरा मंदावला होता आणि सहाचं चक्र मोडलं होतं. आधी पाचावर आलं, मग चारावर, मग तीनावर. आता प्रत्येक फ्रेम वेगळी मोजायची. तेही केलं असतं. पण त्यातल्या काही फ्रेम इतक्या पातळ की त्यात काही उतरलेलंच नव्हतं. काजळ घातलेले डोळे नाहीत, लुगड्याची चुणी नाही. दिवा कमी करून त्या उजळल्या तर काळं होतं ते राखाडी झालं, चेहऱ्यावर वाळू फेकल्यासारखे दाणे आले. फडफड गेली नाही, फक्त तिने राख फासली.

इकडे मित्र रोज विचारायचा. म्हाताऱ्याची जखम भरत नव्हती. "बाबा म्हणतात, माझा नाच कधी येतोय?"

तेव्हा मी ते केलं. वाईट फ्रेम गाळली आणि तिच्या जागी आधीच्या चांगल्या फ्रेमची दुसरी नक्कल उतरवली. गिरकीच्या सत्तरएक फ्रेम होत्या, त्यातल्या वीसेक अशा भरल्या. लावून बघितलं. उजेड एकदाही हलला नाही. मी चार वेळा बघितलं आणि चारही वेळा फक्त उजेडच बघत होतो.

एका दुपारी लॅबोरेटरीच्या छोट्या थिएटरात म्हाताऱ्यांना आणलं. मित्राने पाठुंगळीला घेतलं होतं. पहिल्या रांगेत बसवलं, अर्ध्या पायावर शाल घातली. दिवे मालवले.

नाच सुरू झाला आणि मी म्हाताऱ्यांकडे बघत राहिलो. तोंड उघडं, ओठ हलतायत, हातांची बोटं शालीवर मुद्रा धरतायत. "अरे, ही कोण रे? ही बाई बरी दिसता!" असं म्हणून ते हसले. मित्रही हसला. अंधारात त्याने माझा दंड दाबला.

मग गिरकी आली.

उजेड स्थिर होता. आणि त्या स्वच्छ उजेडात म्हातारा फिरता फिरता अडकला, सुटला, पुन्हा अडकला, धक्का बसल्यासारखा पुढे गेला. लुगड्याचा घेर जागच्या जागी थिजला आणि एकदम उडी मारून दुसरीकडे उघडला. पाय डगमगल्यासारखाच दिसत होता. कोणीही शपथेवर सांगितलं असतं, नाचणारा अडखळला म्हणून.

रीळ संपलं. दिवे लागले.

म्हातारे पडद्याकडेच बघत होते. "मी अडखळलंय," ते हळू म्हणाले.

"नाही काका," मी पुढे झालो. "तुम्ही नाही अडखळलात. ते मी केलंय. मधल्या फ्रेम खराब होत्या, त्या काढून त्यांच्या जागी दुसऱ्या घातल्या. म्हणून तसं दिसतंय. तुमची गिरकी अखंड होती, मी स्वतः बघितलीय."

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. "तू माका बरा वाटाचा म्हणान सांगतंस. तुझ्यो गजाली माका म्हायत नाय काय? तो हत्ती चलवलेलो तूच ना?"

"काका, आईशप्पथ!"

"असू दे रे. मशीन कित्याक खोटा बोलात? पायच सडको होतो. त्यान तरी काय करूचा?"

मी धावत जाऊन पहिली, फडफडती प्रिंट आणली. तिच्यात गिरकी अखंड होती, एकही फ्रेम गाळलेली नव्हती. लावली. पण त्या शेवटच्या तुकड्यात काळोख सेकंदाला आठ-दहा वेळा आदळत होता. म्हाताऱ्यांच्या अधू डोळ्यांना त्यातलं काय दिसणार? त्यांनी हाताने डोळे झाकले, पाणी पुसलं. "बंद कर, बाबा. गरगरता."

मित्राने त्यांना उचललं. जाताना दारात थांबून त्याने मला एकच विचारलं, "बल्ब लावले असते तर?"

"तर काही करावंच लागलं नसतं," मी म्हणालो. काकांना सांगितलं त्यानंतर, त्या दिवसातलं माझं हे दुसरं खरं बोलणं. त्याने मान हलवली आणि वडिलांना घेऊन जिना उतरला.

पुढे मी घाटकोपरला जात राहिलो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हातारे फिल्मची गोष्ट सांगायचे, कौतुकाने, नऊवारीचा काठ कसा चमकत होता, मान कशी वळली. शेजारी कोणी म्हणायचं, "आणि ती शेवटची गिरकी! काय घेतलीत तुम्ही!" त्यावर ते हात हलवून त्याला गप्प करायचे.

"तुमका लांबसून दिसला नसतला. मी फिल्ममदी बघलंय. शेवटाक मी अडखळलंय."

मी खाटेच्या पायथ्याशी बसलेला असायचो. सुरुवातीला दर वेळी सांगायचो, नाही हो, तो दोष माझा. लोक हसायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे, म्हातारे तर सगळ्यात जास्त. मित्र हसायचा नाही. तो उठून बाहेर कठड्याशी जाऊन उभा राहायचा.

पाऊस संपता संपता म्हातारे गेले. मित्र अजून स्टुडिओत होता, मी लॅबोरेटरीत, पण इराण्याच्या टेबलावर तो पुन्हा बसला नाही.