लीलाबाईंचा पाच मिनिटांचा सराव

लीला मॅडमना मी बावीस वर्षं ओळखतो. राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये मी मोठ्यांना इंग्रजीचं व्याकरण शिकवतो, त्या बोलणं शिकवतात. माझ्या तासाला लोक जांभया देतात आणि त्यांच्या तासाला खिदळतात. याचं मला वाईट वाटतं, हे इथं सांगूनच टाकतो.

गेल्या वर्षी मुरगूडची क्रांती आमच्याकडे आली. वय चौतीस, दूध संघात नोंदी करायची. एका निर्यात कंपनीच्या ऑफिसातली नोकरी तिच्या हातातोंडाशी आली होती आणि फोनवरच्या ऐकण्याच्या परीक्षेत हातची गेली होती. फोनवर शब्द ऐकायचा आणि दोन चित्रांपैकी बरोबर चित्र सांगायचं, वीसपैकी सोळा तरी हवेत. तिला नऊ मिळाले. बारा दिवसांनी दुसरी संधी होती, तीच शेवटची.

"मॅडम, हिल आन् हील मला एकच ऐकू येतंय की!" ती म्हणाली. एकीकडे टेकडी, दुसरीकडे टाच. चूक तिची नव्हती. आपण मराठीत इकार लांबवला काय, आखडला काय, सहसा अर्थ बदलत नाही. मग कानाला तो फरक टिपायची सवय लागणार कुठून?

लीला मॅडमनी भर दुपारी, माझ्याच टेबलावर पसारा मांडून सराव तयार केला. एकाच स्वराचा फरक असलेल्या शब्दांच्या चार जोड्या निवडल्या: हिल-हील, पिल-पील, बिन-बीन, मिल-मील. स्पेलिंग लपवलं आणि चित्रं काढली: गोळी आणि साल, कचऱ्याचा डबा आणि घेवड्याची शेंग, गिरणी आणि जेवणाचं ताट. मॅडम शब्द म्हणणार, वर्ग चित्र उचलणार. रोज पाच मिनिटं, जास्त नाही.

चौथ्या दिवशी सगळ्या वर्गाला वीसपैकी वीस! फाउंड्रीत काम करणारे सयाजीराव तर बाकावर हात आपटून ओरडले, "आता लंडनला जायाचं राहिलंय निस्तं!" त्यांनी सगळ्यांना भेळ खाऊ घातली. मीही खाल्ली.

पाचव्या दिवशी मॅडमचा घसा बसला. त्यांनी यादी मला दिली. मी शेजारच्या खोलीत बसून फोनवरून शब्द वाचले आणि सरळ ओळीनं वाचायचा कंटाळा आला म्हणून मधूनच, उलटसुलट उचलले. वर्गाचा पार धुव्वा उडाला. क्रांतीला आठ.

"सरांचा आवाजच वंगाळ हाय," सयाजीराव म्हणाले.

मी चिडलो. मग क्रांतीनंच लीला मॅडमसमोर कबूल केलं, "तुमी दर टायमाला आदी छोटा म्हणताय, मग मोठा. आन् मोठ्याला तुमचं व्हट ताणत्यात, भिवया वर जात्यात. आमी कुठं ऐकतोय? आमी तुमास्नी बघतोय!" एवढं बोलून ती रडायला लागली. सात दिवस उरले होते.

मॅडम रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी सराव मोडला आणि पुन्हा बांधला. कोणता शब्द आधी, ते नाणं उडवून ठरवायचं. म्हणणाऱ्यानं पाठ करून उभं राहायचं, दोन्ही शब्द सारख्याच जोरानं म्हणायचे. अधेमधे तोच शब्द दोनदा म्हणायचा आणि विचारायचं: सारखे की वेगळे? आवाजही रोज बदलायचा. माझा, सयाजीरावांचा, खालच्या झेरॉक्सवालीचा. नीट ऐकू येऊ लागल्यावरच बोलायचं. तेव्हा हनुवटीला बोट लावायचं, कारण फरक नुसत्या लांबीचा नाही. हिल म्हणताना जबडा जरा सैल सुटतो आणि जीभ किंचित खाली बसते. हील म्हणताना जीभ वर चढून घट्ट होते.

नव्या सरावाच्या पहिल्या दिवशी क्रांतीला अकरा. मग बारा, मग परत अकरा. त्या अकराला मी मनातून हात टेकले होते, मॅडमनी नाही. सहाव्या दिवशी सयाजीराव पाठमोरे उभे राहून गरजत होते आणि ही बाई डोळे मिटून, हनुवटीला बोट लावून तो शब्द पुटपुटायची आणि मग डोळे उघडून चित्र उचलायची. सतरा!

परीक्षेच्या दिवशी ती आमच्या ऑफिसात फोन घेऊन बसली. दार लावलेलं. बाहेर सगळा वर्ग आपापल्या हनुवटीला बोट लावून उभा होता, मीसुद्धा. मला ते अजिबात हास्यास्पद वाटलं नाही.

निकाल तिथल्या तिथं कळला. दार धाडकन उघडलं.

"मॅडम, अठरा! आन् कुणाचं तोंड न बघता!"

क्रांतीनं लीला मॅडमना घट्ट मिठी मारली. मी चष्मा पुसत शेजारच्या खोलीत गेलो, कारण माझा तास सुरू व्हायची वेळ झाली होती.