साडेसात नंबरचा हात

आमची आत्या ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. तिचा हात मोठा, आणि घरात त्यावरून तिची थट्टा व्हायची. कामाच्या हाताला बोटांच्या मुळाशी, अंगठा सोडून तळहाताभोवती टेप गुंडाळली की साडेसात इंच भरायचे, म्हणून हातमोजाही साडेसातच.

मोज्याचं पाकीट तिला उघडून द्यायची तिची जिवलग मैत्रीण. हात धुऊन झाले की आत्या बाहेरच्या कशालाही शिवू शकत नसे, म्हणून हे काम मैत्रिणीचं. एक दिवस ती म्हणाली, "साडेसात संपलेत गं, सातवर भागव."

आत्याने भागवलं. छोट्या ऑपरेशनला फार जाणवायचं नाही, पण लांबलं की बोटांची टोकं बधिर व्हायची, अंगठ्याचं मूळ ठणकायचं. अंगठ्याच्या बेचक्यात मोजा ताणून ताणून दोनदा फाटला. मग एकदा मुंग्या आलेल्या बोटांतून सुईचा चिमटा निसटला. पेशंटला काही झालं नाही, पण डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. मैत्रीण हळूच त्यांना म्हणाली, "वय झालं हो तिचं. हात थरथरतो." आत्याची रवानगी बाहेरच्या तपासणी खोलीत झाली आणि टेबलाशी तिची जागा मैत्रिणीला मिळाली.

तपासणी खोलीत मोजे लहान, मध्यम, मोठे एवढेच. आत्या मोठा घालायची. बोटांच्या टोकाशी थोड्या चुण्या पडायच्या, पण आठवडाभरात मुंग्या गेल्या. तिथेच तिला शंका आली. ती तडक स्टोअरमधल्या काकांकडे गेली.

"साडेसात कधी येणार?"

"संपले कधी होते?" काका म्हणाले. "थिएटरला दर महिन्याला पाठवतोय. कपाटात बघा की."

कपाटात सातच्या खोक्यांमागे साडेसातची खोकी शिस्तीत रचलेली होती.

मैत्रीण समोरच उभी होती. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "इतकी वर्षं पाकिटंच उघडत राहिले मी," ती म्हणाली. "सरळ मागितली असती तर जागा सोडली असतीस?"

मी आत्याच्या जागी असतो तर सगळं थिएटर डोक्यावर घेतलं असतं. तिने डॉक्टरांना खोकी दाखवली. त्यांनी तिला परत टेबलाशी घेतलं आणि मैत्रिणीची बदली झाली. आम्हाला वाटलं, चला, मिटलं.

पण त्या संध्याकाळी आत्या घरी येऊन नुसती बसून राहिली. चहा निवून गेला. मी म्हटलं, "आता कशाला कुढतेस? जागा मिळाली ना परत?"

तिने स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरला.

"मुंग्या आल्या की रोज दुपारी तीच हात चोळून द्यायची रे," ती म्हणाली. "तेल कोमट करून."