मावशींचा मजकूर आणि तीन बटणं

कोडोलीच्या एका मावशींच्या चटण्यांची वेबसाइट मी मंगळवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात करत होते. पानावर शेजारी शेजारी तीन कार्डं होती: शेंगदाणा, जवस आणि कांदा-लसूण. प्रत्येक कार्ड म्हणजे एक चौकट: वर शीर्षक, मध्ये मजकूर, खाली खरेदीचं बटण. कांदा-लसणाबद्दल मावशींनी इतकं भरभरून लिहिलं होतं, की त्या कार्डाचं बटण बाकी दोन्हींच्या कितीतरी खाली गेलं.

"मजकूर काप," साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मिरची कशी भाजायची ते त्या बाईंनी जीव ओतून लिहिलेलं. मी साफ नाही म्हणाले.

मी कार्डांना सबग्रिड लावलं, म्हणजे कार्डांनी आपापल्या ओळी न आखता बाहेरच्या सामाईक आखणीच्या, ग्रिडच्याच ओळी वापरायच्या. आधी शीर्षक, मजकूर, बटण सगळं एकमेकांवर चढलं, कारण प्रत्येक कार्डाने तीन ओळी व्यापायच्या हे सांगायचं राहिलं होतं. ते सांगितलं आणि सगळ्यात लांब मजकुराएवढी जागा तिन्ही कार्डांना मिळाली. बटणं एका रेषेत आली.

मावशी बघायला आल्या. शेंगदाण्याखालच्या मोकळ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"हितं एवढी जागा हाय की! लिवून घ्या, ताई."

साहेबांकडे न बघता मी कीबोर्ड पुढे ओढला.