हार घातलेलं नळकांडं

मालवणच्या बंदराकडे मुस्तफाभाईचं आग विझवायच्या नळकांड्यांचं दुकान. विकणं, भरणं, तपासणं हा धंदा, पण गाव त्याला ओळखतं ते फोटो बघणारा म्हणून. स्थळाचा फोटो बघावा तसा तो नळकांड्याचा फोटो बघतो. चष्मा कपाळावर, फोन नाकाला.

त्या दिवशी देवबागच्या नम्रताचा फोटो आला. शनिवारी तिच्या होमस्टेत पहिले पाहुणे उतरणार होते. नवऱ्यानं, म्हणजे धनेशनं, एका फिरत्या विक्रेत्याकडून नळकांडं आणि छताला लावायचा धुराचा अलार्म घेतला होता. "दोन्ही खरी आसत मां?" एवढाच तिचा प्रश्न. फोटोत मात्र झेंडूचा हार, हळदकुंकू आणि पुढ्यात नारळ. लेबल पार फुलांच्या आड.

भाईनं तिला फोन लावला. "अगो, देव नको, लेबल दाखव!"

"पूजा झालेलो हार कसो काढू?"

"जरा सरकव. देव रागावणा नाय."

हार सरकला, नवे फोटो आले. नळकांड्यावर आयएसआयचा शिक्का, खाली परवान्याचा नंबर. अलार्मवरही शिक्का, आणि नंबर तोच!

"दोघांक एकच नंबर? तुझो नि माझो आधार नंबर एक असतलो काय?" भाईनं नंबर सरकारी ॲपवर घातला. परवाना निघाला प्लायवूडच्या कारखान्याचा.

धनेशनं फोन हिसकावला. "भाय, काटो बघा. हिरव्यात आसा!"

"वापरलंत काय रे ह्या?"

धनेश हळूच म्हणाला, "उद्घाटनाक फीत कापूच्या ऐवजी सरपंचान पिन काढल्यान. रिकामा होईसर फवारल्यान."

पाठोपाठ फोटो. सरपंच महादू पावडरीनं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक, हातात नळकांडं, आणि काटा हिरव्यातच.

"रे धनेशा, दाब गेलो तर काटो खाली येवक होयो! बाजूचो फोटो धाड."

खरा गेज, म्हणजे दाब दाखवणारी काट्याची तबकडी, वाल्वमध्ये आट्यांनी बसवलेला असतो. धनेशनं नखानं खरवडलं तर तबकडीच हातात आली. मागे भोकच नव्हतं, नुसता गोंद. अलार्म उघडला तर आत एक सेल आणि लुकलुकणारा दिवा. धूर ओळखायला काही म्हणता काही नाही.

"लोकांची पोरां माझ्या घरात निजतली, भाय!" नम्रतानं फोन परत घेतला.

भाईनं दुकानातली खरी जोडी स्कूटरला बांधली नि देवबाग गाठलं. खोट्या नळकांड्याचं लेबल त्यानं पेचकसानं खरवडून टाकलं, पुन्हा कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणून. नवा अलार्म खोल्यांमधल्या बोळात छताला लावला.

शनिवारी दुपारी नम्रताचा फोन. पाठीमागे कानठळ्या बसवणारी किंकाळी.

"भाय, सासूबायनी बांगडे तळूक घेतले, थोडे करपले, नि ह्या बोंबलूक लागला! पाव्हणे अंगणात पळाले!"

"आग नाय ना?"

"नाय वो, बांगडेच."

"मगे खिडक्यो उघड. बटण दाब, गप होतला." भाई दुकानात एकटाच खो खो हसत सुटला. "नि पाव्हण्यांका सांग, घर तपासलेला आसा!"